युरोगटाच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र: एकट्या देशावर येणाऱ्या संकटाचं काय?

माननीय अर्थमंत्रीगण,

सविनय नमस्कार.

१ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरिया युरोत आला आणि तुमच्या टेबलाभोवती एकविसावी खुर्ची लागली. त्या निमित्तानं हे पत्र लिहिते आहे. मी अर्थशास्त्र शिकवते, आणि चलनसंघाचा विषय आला की दरवर्षी वर्गात एक प्रश्न हमखास येतो: देश आपलं चलन सोडतो तेव्हा नेमकं काय सोडतो? बल्गेरियापुरतं उत्तर सोपं आहे, त्यानं फारसं काही सोडलं नाही. १९९७ पासून त्याच्या लेव्ह या चलनाचा दर आधी जर्मन मार्कशी आणि मग युरोशी पक्का बांधलेला होता. पण हाच प्रश्न स्पेनबद्दल विचारला की उत्तर लांबतं. तुमच्याकडून जे काम अर्धवट राहिलं आहे ते त्या लांब उत्तरात दिसतं, म्हणून ते इथे सविस्तर मांडते.

ज्या सिद्धांताच्या आधारानं युरोवर वाद घातला जातो, तो अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी १९६१ साली मांडला. त्यांनी उत्तर अमेरिकेचं उदाहरण घेतलं. पूर्वेकडे मोटारी बनतात, पश्चिमेकडे लाकूड. उद्या लोकांना लाकूड कमी आणि मोटारी जास्त हव्याशा वाटल्या, तर पश्चिमेत बेकारी आणि पूर्वेत महागाई. दोघांचं चलन एकच असेल तर मध्यवर्ती बँक अडचणीत सापडते, कारण व्याज उतरवलं तर पूर्वेची महागाई भडकते आणि चढवलं तर पश्चिमेची बेकारी. दोन्हीकडे वेगळी चलनं असती, तर पश्चिमेचं चलन घसरलं असतं, तिचं लाकूड परक्यांना स्वस्त पडलं असतं आणि काम टिकलं असतं. मंडेल यांचा निष्कर्ष असा होता की चलनाची हद्द देशाच्या नकाशावरून ठरवू नये. कामगार सहज इकडून तिकडे जातात तिथवर एक चलन चालतं, कारण तिथे विनिमय दराचं काम माणसांचं स्थलांतरच करतं. १९६९ मध्ये पीटर केनन यांनी यात भर घातली: सामाईक तिजोरी असेल, तर बरं चाललेल्या भागाचा कर अडचणीतल्या भागाकडे आपोआप वळतो आणि त्यानंही काम भागतं.

म्हणजे सिद्धांत एक चलन घ्या असंही सांगत नाही आणि घेऊ नका असंही. तो एवढंच सांगतो की विनिमय दर सोडणार असाल, तर त्याच्या जागी काय ठेवणार ते आधी ठरवा.

युरोनं स्पेनला काय दिलं ते आधी सांगते, कारण ते खरं आहे आणि मोठं आहे. चलन बदलण्याचा खर्च वाचला, हा भाग तुलनेनं लहान. युरोपीय आयोगानं १९९० साली काढलेला अंदाज राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच जात होता. मोठा फायदा वेगळा होता. युरोपूर्वी स्पेनचं चलन पेसेटा युरोपीय विनिमय दर यंत्रणेत होता, म्हणजे सदस्य देशांच्या चलनांचे परस्पर दर ठरलेल्या मर्यादेत ठेवणाऱ्या व्यवस्थेत, आणि त्या यंत्रणेत व्याज खऱ्या अर्थानं जर्मनीची मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, ठरवत असे. जुलै १९९२ मध्ये तिनं बँकांना कर्ज देण्याचा आपला डिस्काउंट रेट ८.७५ टक्क्यांवर नेला. कारण पूर्णपणे जर्मन होतं: एकीकरणाच्या खर्चातून उफाळलेली महागाई. पण चलन टिकवायचं असेल तर माद्रिद, रोम आणि लंडन यांनाही व्याज चढंच ठेवणं भाग होतं, आणि त्या निर्णयात त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं. युरोनंतर फ्रँकफुर्टला, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या टेबलावर, स्पेनच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला जागा मिळाली. स्वतःचं चलन म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य, असं युरोचे टीकाकार सांगतात तेव्हा ही गोष्ट विसरतात. लहान आणि मध्यम देशांचं ते स्वातंत्र्य तेव्हाही अर्धंच होतं.

पण ते अर्धं स्वातंत्र्य अडीनडीला उपयोगी पडत असे. सप्टेंबर १९९२ मध्ये पेसेटाचं पाच टक्के अवमूल्यन झालं, नोव्हेंबरमध्ये सहा टक्के, मे १९९३ मध्ये आठ आणि मार्च १९९५ मध्ये सात टक्के. चारही एकत्र धरली तर पेसेटाचा अधिकृत दर जवळपास चोवीस टक्क्यांनी खाली आला. स्पेनमध्ये कुणाच्या पगाराच्या पाकिटातला आकडा कमी झाला नाही, कुणाच्या गृहकर्जाचा हप्ता पगाराच्या मानानं जड झाला नाही, आणि तरी परक्या गिऱ्हाइकाला स्पॅनिश माल स्वस्त झाला. आयात महागली, हा त्याचा दाम. त्या वर्षांतही स्पेनमधली बेकारी चोवीस टक्क्यांवर गेली होती, हे मी लपवत नाही. तिचं मूळ बऱ्याच अंशी स्पेनच्याच कामगार कायद्यांत होतं. कायम नोकरीवाल्यांना भक्कम संरक्षण आणि तात्पुरत्या करारावर असलेल्यांना जवळजवळ काहीच नाही, ही फट कोणत्याही विनिमय दरानं बुजली नसती. मात्र अर्थव्यवस्था घसरणीतून बाहेर येताना अवमूल्यनाचा हात तिच्या पाठीशी होता.

१ जानेवारी १९९९ रोजी १६६.३८६ पेसेटांना एक युरो असा दर कायमचा गोठला आणि तो हात गेला.

पुढची नऊ वर्षं कुणाला त्याची उणीव भासली नाही, कारण पैसा स्वस्त झाला होता. जून २००३ ते डिसेंबर २००५ युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य व्याजदर दोन टक्के होता. जर्मनीची अर्थव्यवस्था तेव्हा थकलेली होती आणि तिच्यासाठी तो दर रास्त होता. स्पेनमध्ये महागाई तीन टक्क्यांच्या वर होती. तिथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजाची, बँका आपसात ज्या दरानं उसने घेतात त्या युरिबॉरला जोडलेली. त्यामुळे महागाई वजा केली की कर्जाचं खरं व्याज शून्याच्या आसपास उरत होतं, आणि घरांच्या किमती तर महागाईच्या कितीतरी पट वेगानं चढत होत्या. अशा वेळी कर्ज न काढणारा माणूसच तोट्यात होता. २००६ या एका वर्षात सात लाखांहून अधिक घरांचं बांधकाम सुरू झालं. देशातल्या दर आठ कामगारांपैकी साधारण एक बांधकामावर होता. परदेशाशी होणाऱ्या चालू खात्यावरची तूट २००७ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या घरात गेली होती. स्वतःचं चलन असतं तर स्पेनच्या मध्यवर्ती बँकेनं व्याज केव्हाच चढवलं असतं, किंवा एवढी उधारी देताना परक्या सावकारांनी हात आखडला असता. एका चलनानं हे दोन्ही इशारे बंद केले.

महोदय, ज्या आकड्यांवर तुम्ही लक्ष ठेवून होता, त्यांत यातलं काहीच दिसत नव्हतं. ज्या करारातून युरो आला त्या मास्ट्रिक्ट कराराची कसोटी सरकारी तूट आणि सरकारी कर्ज मोजते: राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानानं तूट तीन टक्क्यांच्या आत, कर्ज साठ टक्क्यांच्या आत. स्पेननं २००५ ते २००७ सलग शिल्लक दाखवली आणि २००७ मध्ये त्याचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३६ टक्के होतं, जर्मनीच्या कितीतरी खाली. वर्गातला सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थी तोच होता. उधळपट्टी केली म्हणून स्पेन बुडाला, असं आजही बोललं जातं. ते ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण सरकारी हिशेबाच्या वह्या समोर असताना ते बोललं जातं. कर्ज खासगी होतं. ते घरांनी, बिल्डरांनी आणि स्थानिक बचत बँकांनी घेतलं होतं.

मग बांधकाम कोसळलं. आता निर्यात वाढवायची तर माल स्वस्त करायला हवा, आणि चलन घसरू शकत नसल्यामुळे मजुरी घसरणं एवढाच मार्ग उरला. अर्थतज्ज्ञ त्याला अंतर्गत अवमूल्यन म्हणतात. एका घरात ते कसं दिसतं पाहा. महिन्याला १,५०० युरो कमावणाऱ्या कुटुंबाचा गृहकर्जाचा हप्ता ६०० आहे, हाती ९०० उरतात. मजुरी दहा टक्क्यांनी कमी करून १,३५० केली, तर हप्ता तोच राहतो आणि हाती ७५० उरतात. पगारात दहा टक्के कपात, जगण्याच्या पैशात सतरा. ते कुटुंब दुकानात कमी जातं, दुकानदार माणूस कमी करतो, आणि ज्याची नोकरी गेली त्याचा हप्ता थकतो. मजुरी जितकी उतरते तितकं जुनं कर्ज जड होतं, आणि ही घसरण नोकरीवाल्यांना मान्य व्हावी इतकी बेकारी वाढेपर्यंत ती सुरूही होत नाही. (अवमूल्यनही कर्जदाराला नेहमी वाचवतं असं नाही. हंगेरीत ज्यांनी स्विस फ्रँकमध्ये घरकर्जं काढली होती, त्यांचे हप्ते फोरिंट घसरल्याबरोबर फुगले. कर्ज आपल्याच चलनात असेल तरच ती सोय लागू पडते.)

अशा काळात सामाईक व्याजदर पुन्हा एकदा उलटा पडला. २०११ च्या एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये फ्रँकफुर्टनं व्याज वाढवलं, तेव्हा स्पेनमध्ये बेकारी वीस टक्क्यांच्या वर होती. २०१३ च्या सुरुवातीला ती सुमारे सत्तावीस टक्क्यांवर गेली आणि तरुणांमध्ये निम्म्याहून अधिक.

कामगारांचं स्थलांतर हा मंडेल यांचा मार्ग थोडाफार चालला. बरेच स्थलांतरित मायदेशी परतले, बरेच पदवीधर उत्तरेकडे गेले. पण भाषा वेगळी, परवाने वेगळे, पेन्शनचे हिशेब वेगळे. दक्षिण स्पेनमधल्या ॲल्मेरियात विटा रचणारा माणूस म्युनिकमध्ये सहज काम शोधत नाही. केनन यांची सामाईक तिजोरी तर नव्हतीच. १९७७ साली युरोपीय आयोगाच्या मॅकडूगल समितीनं अशा संघासाठी सामाईक अर्थसंकल्प राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच ते सात टक्के असावा असं सांगितलं होतं. युरोपीय संघाचा अर्थसंकल्प आजही एक टक्क्याच्या आसपास आहे.

अमेरिकेच्या नेवाडा राज्याकडे पाहिलं म्हणजे हा फरक हाताला लागतो. तिथेही घरांचा फुगा फुटला आणि २०१० मध्ये बेकारी तेरा टक्क्यांच्या वर गेली. पण वाढीव बेकारी भत्त्याचा मोठा वाटा वॉशिंग्टननं उचलला, वृद्धांची पेन्शन वॉशिंग्टनमधून येत राहिली, आणि तिथल्या बँका बुडाल्या तेव्हा ठेवीदारांचे पैसे संघराज्याच्या ठेव विम्यानं दिले. नेवाडाच्या तिजोरीची कुवत किती, हा प्रश्न कुठल्याही ठेवीदाराला पडला नाही.

स्पेनमध्ये नेमका तोच प्रश्न पडला. सात बचत बँका एकत्र करून बनवलेली बँकिया मे २०१२ मध्ये सरकारनं ताब्यात घेतली आणि तिनं आणखी १९ अब्ज युरो मागितले. बँक वाचवायची तर सरकार कर्ज काढणार, सरकारचे बरेच रोखे त्याच बँकांकडे, रोख्यांच्या किमती पडल्या की बँका आणखी कमकुवत. बेल्जियन अर्थतज्ज्ञ पॉल द ग्राउव यांनी यातलं मर्म त्याआधीच, २०११ मध्ये दाखवलं होतं. ब्रिटनचं सरकारी कर्ज उत्पन्नाच्या प्रमाणात स्पेनपेक्षा जास्त होतं, तरी बाजार ब्रिटनकडून कमी व्याज घेत होता. ब्रिटनची मध्यवर्ती बँक अडचणीत पौंड छापून रोखे विकत घेईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्पेन मात्र जणू परक्या चलनात कर्जबाजारी झाला होता. जुलै २०१२ मध्ये त्याच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा सात टक्क्यांच्या वर गेला. २६ जुलैला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी लंडनमध्ये युरो वाचवण्यासाठी जे लागेल ते करू असं सांगितलं, सप्टेंबरमध्ये रोखे खरेदीची योजना जाहीर झाली, आणि त्या योजनेखाली एक युरोही खर्च न होता व्याज उतरलं. भीती किती होती आणि तिला खरा आधार किती कमी होता, हे यावरून कळतं. त्या एका वाक्याला इतका उशीर व्हायला नको होता.

आता २०२० कडे येते, कारण त्या वर्षी तुम्ही वेगळं वागलात आणि त्याचं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं. महामारीत तुम्ही ‘शुअर’ नावाची योजना उभी केली. संघानं सामाईक कर्ज उभारलं आणि कामगारांना घरी बसवूनही नोकरीत टिकवणाऱ्या योजनांसाठी १९ देशांना ९८ अब्ज युरोंहून अधिक रक्कम स्वस्त कर्जानं दिली. स्पेनला त्यातले २१.३ अब्ज मिळाले. परिणाम दोन वर्षांची तुलना करून पाहा. २००९ मध्ये स्पेनचं उत्पन्न चार टक्क्यांहूनही कमी घसरलं आणि बेकारी अठरा टक्क्यांवर गेली. २०२० मध्ये उत्पन्न जवळपास अकरा टक्क्यांनी घसरलं आणि बेकारी साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास थांबली. एप्रिल २०२० मध्ये तीस लाखांहून अधिक कामगार त्या संरक्षणाखाली होते. सगळं श्रेय ‘शुअर’चं नाही. महामारी तात्पुरती होती, बांधकामाचा फुगा तसा नव्हता. पण मधल्या काळात नोकरी न तोडण्याचं साधन स्पेनच्या हाती होतं आणि त्याचा खर्च एकट्याच्या खांद्यावर नव्हता.

‘शुअर’ २०२२ च्या शेवटी संपली.

माझी काळजी इथे आहे. महामारी सगळ्यांवर एकाच वेळी आली. आज तुला, उद्या मला, हा प्रश्नच नव्हता, म्हणून सहमती झाली. चलनसंघाचा सिद्धांत मात्र ज्या संकटाबद्दल बोलतो, ते एकावर येतं आणि बाकीच्यांवर येत नाही. लाकूड पडतं आणि मोटारी चढतात. त्या संकटासाठी आज तुमच्याकडे ‘शुअर’सारखं काहीही उभं नाही. त्या दिवशी बाकीचे वीस मंत्री निर्धास्त असतील आणि एकालाच घाई असेल. तेव्हा वाटाघाटी सुरू केल्या तर त्यांचा निकाल २०१० ते २०१२ सारखाच लागेल.

तशी योजना तुमच्या टेबलावर एकदा आली होती. २०१८ मध्ये आयोगानं गुंतवणूक स्थिरीकरणाचा प्रस्ताव मांडला: बेकारी एकाएकी वाढलेल्या देशाला एकूण ३० अब्ज युरोंपर्यंतची कर्जं, ठरलेल्या नियमानं, वेगळी वाटाघाट न करता. नियमाच्या दोन अटी होत्या. देशाची बेकारी मागच्या साठ तिमाहींच्या सरासरीपेक्षा वर असावी, आणि वर्षभरापूर्वीच्या त्याच तिमाहीपेक्षा एक टक्का-बिंदूहून अधिक वाढलेली असावी. प्रस्ताव मागे पडला. तो पुन्हा हाती घ्या, एवढी माझी विनंती आहे. पण जसाच्या तसा घेऊ नका.

तो नियम स्पेनच्या आकड्यांवर चालवून पाहा. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत बेकारी साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती, २००८ च्या शेवटच्या तिमाहीत चौदाच्या आसपास. एका वर्षात पाच बिंदूंची उडी. दुसरी अट कधीच पूर्ण झाली होती. पण मागच्या साठ तिमाहींमध्ये नव्वदच्या दशकातली वीस टक्क्यांच्या वरची वर्षं येतात, आणि माझ्या ढोबळ हिशेबानं त्या काळाची सरासरी पंधरा टक्क्यांच्या जवळ निघते. म्हणजे लाखो लोकांचं काम गेल्यावरही नियम म्हणाला असता, अजून थांबा. मदतीचं दार २००९ उजाडल्यावर उघडलं असतं. ज्या देशाचा भूतकाळ वाईट, त्याला मदत सर्वांत उशिरा, असा या पहिल्या अटीचा अर्थ होतो.

ती अट काढून टाका आणि फक्त बदल मोजा. उत्तरेकडच्या मंत्र्यांना यात धोका वाटू नये, उलट त्यांचीच जुनी शंका यानं दूर होते. कायम वीस टक्के बेकारी असलेल्या देशाला बदलाच्या नियमाखाली काहीच मिळत नाही, कारण त्याची बेकारी वाढलेली नसते. कामगार कायद्यातला दोष ज्याचा त्यानं दुरुस्त करायचा. मिळेल ते फक्त एकाएकी आलेल्या धक्क्यासाठी, आणि धक्का फिनलंडलाही बसू शकतो, नेदरलँड्सलाही. वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला तर घेणारे आणि देणारे बदलत राहतात.

दुसरी विनंती छोटी आहे. सामाईक ठेव विम्याचा प्रस्ताव आयोगानं नोव्हेंबर २०१५ मध्ये मांडला. बँकांवरची देखरेख २०१४ पासून सामाईक आहे, डबघाईला आलेल्या बँका निकालात काढण्याची व्यवस्था सामाईक आहे, आणि ठेवीदाराच्या एक लाख युरोंची हमी मात्र अजून ज्या त्या देशाच्या निधीवर. जुनी बुडीत कर्जं आणि बँकांकडे साठलेले स्वतःच्याच सरकारचे रोखे यांबद्दलचे उत्तरेचे आक्षेप रास्त आहेत. ते प्रस्तावात अटी म्हणून लिहा. पण बँकांवर देखरेख आता फ्रँकफुर्टची असतानाही बँक बुडाली तर ठेवींचा भार माद्रिदवरच, आणि एकट्या माद्रिदवर भार टाकणारी रचना २०१२ मध्ये कशी कोसळत गेली ते तुम्ही पाहिलं आहे.

आत्ता तुमच्यापैकी कुणाचाही देश तशा संकटात नाही. पुढचा धक्का कुणाला बसेल हे तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच नियमावर सही करायला यापेक्षा बरी वेळ नाही. २०१८ चा तो प्रस्ताव, पहिली अट वगळून, येत्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.

आपली नम्र,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका